४४ टक्के की सव्वा टक्का? ज्युपिटर चाचणीचा तक्ता वाचताना

प्रश्न: सर, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जर्नल क्लबसाठी माझ्या वाट्याला रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधाची ज्युपिटर चाचणी आली आहे. बातम्यांत 'धोका जवळपास निम्म्याने कमी' असं वाचलं, चाचणीच्या मूळ पेपरातही ४४ टक्के दिलेत. पण तक्त्यात दोन्ही गटांत ८,९०१ माणसं आहेत आणि घटना २५१ विरुद्ध १४२. मी फरक काढला तर सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. माझं गणित चुकतंय, की बातमी खोटी आहे? आणि जर्नल क्लबमध्ये कोणता आकडा सांगू?

उत्तर: तुझं गणित बरोबर आहे आणि बातमीही खोटी नाही. तू वजाबाकी केलीस, बातमीदाराने भागाकार घेतला, एवढाच फरक. आता दोन्ही शेजारी मांडून बघ.

प्लासिबो गटात, म्हणजे ज्यांना औषध नसलेली हुबेहूब तशीच गोळी दिली त्यांच्यात, ८,९०१ पैकी २५१ जणांना हृदय-रक्तवाहिन्यांचं काहीतरी झालं. हे २.८२ टक्के. रोसुव्हास्टॅटिन गटात १४२ जणांना झालं, म्हणजे १.६० टक्के. पहिल्यातून दुसरं वजा केलं की १.२२ टक्के उरतात. ही निरपेक्ष घट. आता दुसऱ्याला पहिल्याने भाग, ०.५७ येईल. औषध घेणाऱ्यांचा धोका न घेणाऱ्यांच्या ५७ टक्के राहिला, म्हणजे ४३ टक्क्यांनी कमी झाला. ही सापेक्ष घट. पेपरात ४३ ऐवजी ४४ दिसतात, कारण त्यांनी हॅझार्ड रेशो दिला आहे आणि तो ०.५६ आहे. किती माणसांना झालं एवढंच न बघता किती दिवसांनी झालं हेही तो मोजतो, म्हणून तेवढा फरक पडतो. त्यात अडकू नकोस.

शेजारच्या मुलाचा पगार दुप्पट झाला असं कोणी सांगितलं की आपल्याकडे घरातलं कोणीतरी लगेच विचारतं, आधी किती होता? औषधाच्या बातमीत मात्र हा प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाही. भागाकाराची खोड अशी की उत्तर हाती येईपर्यंत मूळ संख्या पुसली जाते. २०० पैकी १०० आजारी पडायचे ते ५० झाले, तरी निम्मे. दोन लाखांत दोन पडायचे तो एक झाला, तरी निम्मेच.

मी नवा होतो तेव्हा एका रुग्णाला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं की या गोळीने तुमचा धोका निम्मा होईल. गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, म्हणजे डॉक्टर, गोळी घेऊनही मला पन्नास टक्के अटॅक येणारच? त्यांचा पाच वर्षांचा धोका पाच टक्क्यांच्या आत होता. त्यांनी माझं वाक्य जसं ऐकू आलं तसंच समजून घेतलं. चूक माझी होती.

तेव्हापासून मी टक्केवारीऐवजी माणसं मोजतो. जर्नल क्लबमध्ये तूही तसंच कर. डोळ्यांसमोर एक मोठं मंगल कार्यालय आण, त्यात या चाचणीत घेतले तसे १,००० लोक बसलेत. कोणालाच औषध दिलं नाही तर साधारण दोन वर्षांत त्यांतल्या २८ जणांना काहीतरी होईल. सगळ्यांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम रोज दिलं तर १६ जणांना होईल. म्हणजे १२ जण वाचले. १६ जणांना गोळी घेऊनही झालं. उरलेल्या ९७२ जणांना गोळी न घेताही काहीच होणार नव्हतं. त्यांनी दोन वर्षं रोज गोळी घेतली, एवढंच. बातमीतले ४४ टक्के म्हणजे २८ चे १६ होणं. तुझा सव्वा टक्का म्हणजे १,००० पैकी ते १२. एकाच कार्यालयातले लोक आहेत.

आता या कार्यालयात नेमकं कोण बसलंय ते बघ, कारण खरी गोम तिथे आहे. ज्युपिटरमध्ये ५० च्या वरचे पुरुष आणि ६० च्या वरच्या बायका घेतल्या होत्या. कोणालाही आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नव्हता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, प्रति डेसिलिटर १३० मिलिग्रॅमच्या आत. एरवी ज्यांना कोणी स्टॅटिन लिहून दिलं नसतं असे लोक. अट एकच, रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, २ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून जास्त हवं. अशी १७,८०२ माणसं मिळवायला जवळपास ९०,००० लोकांची तपासणी करावी लागली. एवढ्या धडधाकट लोकांचा मूळ धोका कमीच असणार, आणि तो तसा निघाला: दोन वर्षांत तीन टक्क्यांपेक्षाही कमी. ज्या खिशात २८ रुपये आहेत त्यातून ४४ टक्के काढले तरी हाती १२ च येणार.

म्हणून कुठलीही चाचणी हाती आली की औषधाच्या रकान्याकडे बघण्याआधी प्लासिबोचा रकाना वाचायचा. किती लोकांपैकी, किती काळात, कशाला घटना म्हटलंय, हे तिथेच कळतं. बाकी सगळं त्यानंतर.

इथे एक समज खोडून काढायला हवी. सव्वा टक्का बघितल्यावर काही हुशार मुलं लगेच म्हणतात की सापेक्ष आकडा म्हणजे कंपन्यांची बनवाबनवी आणि निरपेक्ष तेवढा खरा. मला हे पटत नाही. सापेक्ष घट औषधाबद्दल बोलते, निरपेक्ष घट औषध घेणाऱ्या माणसाबद्दल. सर्वसाधारण अनुभव असा की एखाद्या औषधाची सापेक्ष घट वेगवेगळ्या रुग्णांत फारशी बदलत नाही, निरपेक्ष घट मात्र माणसागणिक बदलते. समजा एखादं औषध घटना पाव भागाने कमी करतं. एका गृहस्थांना आधी अटॅक येऊन गेलाय आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांच्यासारख्या १०० पैकी २० जणांना पुन्हा काही होणार आहे. त्या २० चे १५ होतील, पाच वाचतील. दुसरी चाळिशीतली निरोगी बाई, तिच्यासारख्या १०० जणींत एकीलाच काही होणार आहे. तिथेही धोका पाव भागानेच कमी होईल, पण एक वाचवायला ४०० जणींना गोळी द्यावी लागेल. औषध तेच, सापेक्ष घट तीच, आणि तरी पहिल्याला मी आग्रहाने देईन, दुसरीला बहुधा नाही. ज्युपिटरचा सव्वा टक्का अटॅक येऊन गेलेल्या माणसाला चिकटवणं हे ४४ टक्के सगळ्यांना सांगत सुटण्याइतकंच चूक आहे. आकडा समोरच्या माणसाच्या मूळ धोक्यावर पुन्हा मांडावा लागतो.

तू सारखं 'घटना' म्हणतेस, मीही म्हणतोय. पण घटना म्हणजे काय ते पेपरात उघडून बघ. मुख्य निष्पत्तीत पाच गोष्टी एकत्र बांधल्यात: हार्ट अटॅक, पक्षाघात, बंद रक्तवाहिनी उघडण्याची प्रक्रिया म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपाससारखं काही, छातीत दुखून इस्पितळात दाखल होणं, आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू. या पाचांचं वजन सारखं नाही. दाखल करायचं की नाही, अँजिओप्लास्टी करायची की नाही, यात डॉक्टरच्या निर्णयाचा भाग असतो; मृत्यूत तो नसतो. फक्त अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू घेतले तर प्लासिबोत १५७ आणि रोसुव्हास्टॅटिनमध्ये ८३. म्हणजे आपल्या कार्यालयात १८ चे ९. सापेक्ष घट उलट थोडी वाढली, ४७ टक्के झाली, पण वाचलेली माणसं १२ वरून आठ-नऊवर आली. नुसता हार्ट अटॅक घेतलास तर ६८ विरुद्ध ३१. बातमीदाराला इथे ५४ टक्के मिळतात आणि मथळा आणखी झगझगीत होतो, तर कार्यालयात वाचतात १,००० पैकी चार. सापेक्ष आकडा चढताना निरपेक्ष आकडा उतरतो, हे याच तक्त्यात दिसतं. हे तिन्ही हिशोब फळ्यावर एकाखाली एक लिही, वर्गाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता दुष्परिणामांकडे, आणि इथे मला बातम्यांचा खरा राग आहे. ज्युपिटरमध्ये डॉक्टरांनी नव्याने मधुमेह झाल्याची नोंद केलेले लोक प्लासिबोत २१६ होते आणि रोसुव्हास्टॅटिनमध्ये २७०. भागाकार केला तर मधुमेह २५ टक्क्यांनी वाढला. वजाबाकी केली तर ०.६ टक्क्यांनी. ज्याला औषध विकायचंय तो म्हणतो, फायदा ४४ टक्के आणि मधुमेहात वाढ फक्त अर्धा-पाऊण टक्का. ज्याला स्टॅटिनवर तुटून पडायचंय तो म्हणतो, फायदा जेमतेम सव्वा टक्का आणि मधुमेह तब्बल पंचवीस टक्क्यांनी जास्त. दोघांनीही एकही आकडा चुकीचा सांगितलेला नाही! फायद्याला एक माप आणि तोट्याला दुसरं, अशी तागडी दिसली की लेख तिथेच बाजूला ठेवावा.

एकाच मापाने मोजून बघ. त्याच १,००० माणसांत, त्याच काळात, १२ जण हृदयाच्या किंवा मेंदूच्या घटनेतून वाचले आणि ६ जणांना नव्याने मधुमेह लागला. आता चर्चा करता येते. अटॅक आणि मधुमेहाचं निदान यांचं वजन सारखं नाही, हे कोणीही म्हणेल, पण ते वजन रुग्णाला ठरवू दे. मधुमेहाच्या या नोंदी निष्पत्ती तपासणाऱ्या समितीने पडताळलेल्या नव्हत्या, हेही वर्गात सांग. पुढे २०१२ मध्ये याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं. त्यात दिसलं की जास्तीचे हे ५४ मधुमेही अशा लोकांतले होते ज्यांचं वजन किंवा साखर आधीच मधुमेहाच्या दिशेने झुकलेली होती. तसं काहीच नसलेल्यांत मधुमेह वाढलेला आढळला नाही. म्हणजे तोट्यालाही मूळ धोका असतो, आणि तोही माणसागणिक वेगळा. आपल्याकडे पोट सुटलेला आणि साखर काठावर असलेला पन्नाशीचा माणूस इतका सर्रास दिसतो की हा मुद्दा मी कधी टाळत नाही.

राहिला काळ. तू काढलेला सव्वा टक्का किती काळाचा? पेपरात पाठपुराव्याचा मध्यक १.९ वर्षं आहे. चाचणी जास्त काळ चालवायची योजना होती, पण मार्च २००८ मध्ये स्वतंत्र देखरेख मंडळाच्या शिफारशीवरून ती मुदतीआधी थांबवली, कारण फायदा स्पष्ट दिसत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल छापून आला. लवकर थांबवण्याचा हेतू चांगला असतो. प्लासिबो गटातल्या लोकांना फायद्यापासून दूर का ठेवायचं? पण आकड्यावर त्याचा परिणाम होतो. कुठल्याही चाचणीत फरक वरखाली होत राहतो. तो वर असताना थांबवलं तर हाती येणारा आकडा खऱ्यापेक्षा थोडा फुगलेला असण्याची शक्यता वाढते. इथे तशी शंका घ्यायला जागाही आहे. आधीच्या स्टॅटिन चाचण्यांवरून, एलडीएल जेवढं उतरलं त्या मानाने साधारण २५ टक्के घट अपेक्षित होती, असं खुद्द लेखकांनीच लिहिलंय. मिळाली ४४, म्हणजे जवळपास दुप्पट. सीआरपी जास्त असलेल्यांना औषध खरंच जास्त लागू पडतं, असा त्यांचा कल होता. चाचणी लवकर थांबल्याने आकडा थोडा फुगला असावा, असा माझा. या चाचणीपुरती कमी सीआरपीवाल्यांचा गटच घेतलेला नसल्याने दोन्ही शक्यता उघड्या राहतात. शिवाय ०.५६ या आकड्याची विश्वासमर्यादा ०.४६ ते ०.६९ आहे. खरी घट ५४ टक्के असेल किंवा ३१ टक्केही असेल. आपल्या कार्यालयात बोलायचं तर वाचणारे साधारण ९ ते १५. बातमीत ही मर्यादा कधीच येत नाही.

याच पेपरात आणखी एक सापळा आहे. तक्त्यात १.३६ आणि ०.७७ असे आकडे दिसतील. दरवर्षी दोन-तीन मुलं हे टक्के समजून वजाबाकी करतात आणि निरपेक्ष घट ०.५९ टक्के सांगतात. ते दर १०० व्यक्ति-वर्षांमागचे दर आहेत. १०० माणसांचा एक वर्ष पाठपुरावा केला किंवा ५० माणसांचा दोन वर्षं, तरी १०० व्यक्ति-वर्षंच होतात. म्हणजे ०.५९ हा एका वर्षाचा हिशोब आहे, तुझा १.२२ पूर्ण काळाचा. दोन्ही बरोबर, पण सोबत काळ सांगितला नाही तर दोन्ही निरर्थक.

शेवटी परीक्षक हमखास विचारतात तो आकडा, एनएनटी. एक घटना टाळायला किती जणांना औषध द्यावं लागेल? १०० ला निरपेक्ष घटीने भाग. १०० भागिले १.२२ म्हणजे ८२. पेपर मात्र दोन वर्षांसाठी ९५ सांगतो, चार वर्षांसाठी ३१ आणि पाच वर्षांसाठी २५. गोंधळू नकोस. तुझे ८२ हे सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात टाकून आले. त्यात काही जणांचा पाठपुरावा दोन वर्षांहून कितीतरी जास्त झाला होता. ९५ हा काळानुसार घटना कशा वाढत गेल्या ते दाखवणाऱ्या वक्रावर नेमक्या दोन वर्षांच्या ठिकाणी काढलेला आहे. पाच वर्षांचा २५ मात्र मोजलेला नाही, चार वर्षांच्या अंदाजावरून पुढे ओढलेला आहे. आणि ज्या चाचणीत निम्म्या लोकांचा पाठपुरावा १.९ वर्षांच्या आतच संपला, तिच्यात चौथ्या वर्षापर्यंत माणसं थोडीच उरणार. वक्राच्या त्या टोकावर मी फार भरवसा ठेवत नाही. व्यक्ति-वर्षांच्या दराने पाच वर्षं सरळ गुणली तर ०.५९ गुणिले ५, म्हणजे २.९५ टक्के, आणि एनएनटी ३४. कोणी फळ्यावर नुसतं 'एनएनटी २५' लिहिलं तर हात वर करून विचार, किती वर्षांचा आणि मोजलेला की ओढलेला?

जर्नल क्लबच्या स्लाइडवर मी असं लिहिलं असतं: 'आधी हृदयविकार नसलेल्या, एलडीएल सामान्य पण सीआरपी वाढलेल्या १,००० लोकांना सुमारे दोन वर्षं रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम दिल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना २८ वरून १६ वर आल्या (सापेक्ष घट ४४ टक्के, निरपेक्ष घट १.२ टक्के), नव्या मधुमेहाच्या नोंदी २४ वरून ३० वर गेल्या. चाचणी मुदतीआधी थांबवली.' वाक्य लांब आहे, मथळा म्हणून कोणी छापणार नाही. खाली बारीक अक्षरात अॅस्ट्राझेनेकाने चाचणीला पैसा दिला होता हेही टाक. तेही पेपरातच लिहिलंय. आणि कोणी विचारलं की मग ही गोळी द्यायची की नाही, तर त्यालाच उलट विचार: कोणाला?